कोरियनमध्ये ‘आन’ लावायचं की ‘मोत’? तीच चूक परत परत होत असेल तर हे क्रमाने तपासा

रांजणगाव, चाकण, तळेगाव पट्ट्यातल्या कोरियन मॅनेजरांच्या हाताखाली काम करणाऱ्या मराठी पोरांना कोरियन शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळा कुठली चूक दुरुस्त केली असेल तर ती ही. बॅच बदलते, पोरं बदलतात, चूक तीच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवेन.

आधी एक सांगतो, कोरियन शब्द मी इथे देवनागरीतच लिहिलेत, जसे कानाला ऐकू येतात तसे. ‘ऑ’ लिहिलंय तिथे तोंड जरा जास्त उघडायचं, ‘ओ’ लिहिलंय तिथे ओठ गोल. आणि ‘गा’ कधी ‘का’ दिसेल, ‘ब’ कधी ‘प’, तर दचकू नका, शब्द तोच असतो, जागेप्रमाणे आवाज बदलतो.

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्या बाबतीत होत असेल तर पुढे वाचा.

मॅनेजरने संध्याकाळच्या ‘ह्वेशिक’ला, म्हणजे ऑफिसच्या सगळ्यांनी मिळून करायच्या जेवणाला, बोलावलं, तुम्ही अगदी हसून ‘आन गायो’ म्हणालात, आणि समोरच्याचा चेहरा पडला किंवा त्याने लगेच ‘वेयो?’ म्हणजे ‘का बुवा?’ विचारलं.

शिफ्टच्या रिपोर्टमध्ये मशीन बंद होतं असं लिहिलं तर वरून प्रश्न आला की बंद ठेवायचा निर्णय कुणी घेतला.

कुठलीतरी गोष्ट छान नाही असं सांगायला ‘मोत येप्पॉयो’ म्हणालात आणि कोरियन माणूस गोंधळला.

‘आन कोंगबूहेयो’ म्हटलं की समोरचा समजतो खरं, पण दर वेळी तेच वाक्य फिरवून परत म्हणून दाखवतो.

आणि शेवटचं, जे लोकांच्या लक्षातच येत नाही: कोरियन माणूस बोलताना तुम्हाला ‘मोन’, ‘मोद’, ‘मोथे’ असं काहीतरी ऐकू येतं, डिक्शनरीत ‘मोन’ शोधलं तर भलतंच निघतं.

मूळ दोष थोडक्यात असा आहे की मराठीत आपण ‘मी गेलो नाही’ म्हणतो तेव्हा मुद्दाम गेलो नाही की जाता आलं नाही हे समोरचा संदर्भावरून काढतो. कोरियनमध्ये ते क्रियापदाच्या आधीच सांगून टाकायचं असतं. ‘आन’ म्हणजे झालं नाही किंवा केलं नाही, ‘मोत’ म्हणजे करायचं होतं किंवा करायला हवं होतं पण करता आलं नाही. आपलं डोकं ‘नाही’ दिसलं की सरळ ‘आन’ उचलतं, कारण पहिल्या धड्यात तेच शिकवलेलं असतं. आणि एकदा ‘मोत’ शिकलं की मग काही जण उलट्या बाजूला जातात आणि जिथे काही अडचण दिसेल तिथे ‘मोत’ लावत सुटतात. दोन्ही प्रकार बघितलेत.

तपासणी १: इथे आन किंवा मोत मुळात लागतं का?

ही सगळ्यात स्वस्त तपासणी, यात विचार काही नाही, फक्त पाठांतर. काही क्रियापदांना नकाराचा वेगळा शब्दच आहे. ‘इस्सॉयो’, म्हणजे आहे, याचा नकार ‘ऑप्सॉयो’. ‘आरायो’, म्हणजे माहीत आहे, याचा नकार ‘मोल्लायो’. नामाला लागणारं ‘आहे’ असेल तर ‘आनीएयो’, जसं ‘हाक्सेंगी आनीएयो’, विद्यार्थी नाहीये. ‘आन इस्सॉयो’, ‘आन आरायो’ असं कुणी म्हणत नाही. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या चुका इथेच संपतात, म्हणून ही आधी ठेवली.

यातच दुसरी गोष्ट, ‘करू नका’. हुकूम किंवा विनंती असेल तर आन पण नाही आणि मोत पण नाही, क्रियापदाला ‘-जी मासेयो’. जाऊ नका म्हणजे ‘काजी मासेयो’. इथे एक गंमत होते, ‘आन गासेयो’ हे वाक्य चूक नाहीये, पण त्याचा अर्थ ‘तुम्ही जात नाही’ किंवा विचारायच्या सुरात ‘तुम्ही जात नाही का?’ असा होतो. म्हणजे पाहुण्याला तुम्ही थांबवायला जाता आणि त्याला वाटतं की हा मला कधी निघताय विचारतोय.

तपासणी २: ते क्रियापद आहे की गुण सांगणारा शब्द?

कोरियनमध्ये सुंदर, मोठा, महाग, थंड हे शब्द क्रियापदासारखे चालतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की मोत तिथेही बसेल. बसत नाही. ‘मोत’ला काहीतरी करायचा प्रयत्न, इच्छा किंवा गरज लागते, आणि महाग असायचा प्रयत्न कुणी करत नाही. म्हणून छान नाही म्हणजे ‘आन येप्पॉयो’, बरं नाही म्हणजे ‘आन जोआयो’. गुण दिसला की डोळे झाकून आन.

पुढेमागे लेखी रिपोर्टमध्ये ‘क्केक्कुथाजी मोथादा’ असं काही वाचायला मिळालं तर मी खोटं बोललो असं समजू नका. गुणाला मागून ‘-जी मोथादा’ जोडतात, आणि तेव्हा अर्थ ‘जेवढं स्वच्छ हवं तेवढं नाहीये’ असा तक्रारीचा होतो. ऑडिट रिपोर्टमध्ये वाचलं तर ते नुसतं निरीक्षण नाही, नापसंती आहे, एवढं ओळखा. स्वतः वापरायची घाई करू नका.

तपासणी ३: शब्द योग्य जागी आहे का?

नाम अधिक ‘हादा’, म्हणजे करणे, अशी जी क्रियापदं असतात त्यांत आन किंवा मोत मध्ये घुसतं. अभ्यास करत नाही म्हणजे ‘कोंगबू आन हेयो’, व्यायाम करता येत नाही म्हणजे ‘उनदोंग मोथेयो’. आपण मराठीत पण ‘अभ्यास नाही करत’ म्हणतोच की, नाही हे ‘करत’च्या शेजारी, ‘नाही अभ्यासकरत’ असं नाही म्हणत. तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

अपवाद म्हणजे जिथे हादाच्या आधीचा तुकडा एकटा नाम म्हणून उभा राहत नाही. ‘चोआहेयो’, म्हणजे आवडतं, याचं ‘आन जोआहेयो’, आख्ख्या शब्दाच्या आधी. गुणवाचक हादावाले पण तसेच. शंका आली तर आणि वाक्य फार महत्त्वाचं नसेल तर लांब रूप वापरून मोकळे व्हा: मागून ‘-जी आनायो’ किंवा ‘-जी मोथेयो’ जोडायचं, मग जागेचा प्रश्नच येत नाही. ‘काजी आनायो’ आणि ‘आन गायो’ यांचा अर्थ तोच, लांब रूप जरा औपचारिक आणि लिखाणातलं वाटतं. टोपिक परीक्षेच्या लेखनात तर लांब रूपच शोभतं. बोलताना मात्र सगळीकडे लांब रूप वापरलंत तर पुस्तक वाचल्यासारखं वाटेल.

तपासणी ४: मराठीत ‘-ता आलं नाही’ घालून बघा

ही खरी तपासणी. वाक्य आधी मराठीत म्हणा आणि ‘नाही’च्या जागी ‘-ता आलं नाही’, ‘-ता येत नाही’ किंवा ‘जमलं नाही’ घाला. अर्थ तुम्हाला सांगायचाय तोच राहिला तर मोत. अर्थ बदलला तर आन. आपल्याकडे ही रूपं तयार आहेत, कोरियन शिकताना आपण ती वापरत नाही एवढंच.

आता ह्वेशिकचं प्रकरण नीट सोडवून दाखवतो, कारण त्यात एकाच वाक्यात दोन बिघाड असतात. मॅनेजर विचारतो, ‘ओनुल ह्वेशिगे वायो?’, आज जेवणाला येताय का. पोराच्या घरी मुलगी तापाने फणफणलीय. त्याच्या डोक्यात मराठी वाक्य येतं, ‘नाही, येत नाही’. मग तो एकतर ‘आन वायो’ म्हणतो किंवा ‘आन गायो’.

पहिला बिघाड येणं-जाणंचा. आपण समोरच्याकडे जायचं असलं तरी ‘येतो’ म्हणतो, समोरच्याच्या बाजूने बोलतो. कोरियन माणूस स्वतः कुठे उभा आहे तिथून बोलतो, त्यामुळे त्याने ‘वायो?’ विचारलं तरी उत्तर ‘गायो’ने द्यायचं. आन-मोतशी याचा संबंध नाही पण एकाच वाक्यात दोन्ही चुका आल्या की समोरचा नक्की कशाने गोंधळला ते तुम्हाला कळतच नाही, म्हणून आधी हा बाजूला काढा.

दुसरा बिघाड आपला मूळचा. ‘आन गायो’ म्हणजे मी जात नाही, ठरवलंय, विषय संपला. शिवी नाहीये ती, मित्राला म्हटलं तर काही बिघडत नाही, पण वरिष्ठाच्या आमंत्रणाला म्हटलं की कोरडं लागतं. आता ‘-ता येत नाही’ची परीक्षा लावा: ‘मला येता येणार नाही’. अर्थ तोच राहिला, उलट हेच म्हणायचं होतं. म्हणजे मोत. कारण पुढे जोडा आणि वाक्य असं होतं: ‘आइगा आफासॉ मोत क्कायो’, मूल आजारी आहे म्हणून जाता येत नाही. अजून मऊ करायचं असेल तर ‘मोत क्काल क्कॉत काथायो’, जमणार नाही असं वाटतंय. एवढं म्हटलं की ‘वेयो?’ येत नाही, ‘अरे, मुलगी कशी आहे’ असं येतं.

इथे हुशार पोरं एक प्रश्न हमखास विचारतात: सर, पण मला जायचंच नसेल तर? म्हणजे तिथे बसून दारूच्या ग्लासांना हात जोडत दोन तास काढायचे नसतील तर? तर काय, तरीही मोत. आपण नाही का ‘या रविवारी नाही जमणार हो’ म्हणत, सगळ्यांना कळतं की जमवलं असतं तर जमलं असतं. कोरियन माणूस पण तेच करतो. मोत हा खरं-खोटं तपासणारा शब्द नाही, बोलणारा ही गोष्ट कुणाच्या माथी मारतोय ते तो सांगतो. आन म्हटलं की निर्णय माझा. मोत म्हटलं की परिस्थितीचा, तब्येतीचा, कौशल्य नसल्याचा. खरं काय आहे तो प्रश्न वेगळा.

म्हणूनच गृहपाठ केला नाही हे सांगताना ‘आन हेस्सॉयो’ आणि ‘मोथेस्सॉयो’ यांत फरक पडतो. पहिल्यात तुम्ही नुसतं सांगताय की केला नाही, शिक्षक पुढे काय म्हणायचं ते म्हणेल. दुसऱ्यात तुम्ही अडचण होती असं सूचित करताय, मग अडचण सांगायची तयारी ठेवा. नुसतं मोत टाकून गप्प बसलात तर ते सबब वाटतं. काम अजून व्हायचंय एवढंच सांगायचं असेल तर मात्र ‘आजिक आन हेस्सॉयो’, अजून केलं नाही, हे अगदी साधं चालणारं वाक्य आहे, त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. सगळीकडे नम्रतेसाठी मोत कोंबायची गरज नाही.

खाण्याचं बघा. ‘कोगीरुल आन मॉगॉयो’, मी मांस खात नाही. ‘कोगीरुल मोन मॉगॉयो’, मला मांस चालत नाही. दोन्ही वाक्यं बरोबर. पण आन ऐकलं की प्रेमळ कोरियन यजमान समजतो की ही आवड आहे आणि ‘एक घास खाऊन तर बघा’ सुरू होतं. मोत ऐकलं की बहुतेक वेळा ताट बाजूला सरकतं. घरात माळ असलेले, जैन, किंवा त्या दिवशी उपवास असलेले लोक मला विचारतात की आम्ही तर स्वतःच्या मर्जीनेच खात नाही, मग मोत कसं? पण मर्जी तुमची असली तरी तुम्ही ते बंधन म्हणून पाळता, आणि ‘चोंग्यो त्तेमुने मोन मॉगॉयो’, धर्मामुळे चालत नाही, असंच कोरियन लोकही म्हणतात. शाकाहाराचं तुम्हाला स्वतःला पटलंय आणि तसं ठासून सांगायचं असेल तर आन वापरा, ती पण तुमचीच भूमिका. तिखटाचं तर कोरियन लोक स्वतःच म्हणतात, ‘मेउन गॉ मोन मॉगॉयो’, तिखट सोसत नाही.

तपासणी ५: वाक्यात कर्ता कोण आहे, माणूस की वस्तू?

चौथी तपासणी करून पण उत्तर चुकत असेल तर बिघाड इथे आहे, आणि ही जरा अवघड आहे. आन म्हणजे नेहमी मर्जी, हे जे पाठ करतात ना, ते इथे फसतात. पाऊस पडत नाही म्हणजे ‘पीगा आन वायो’. पावसाला कसली मर्जी? वस्तू किंवा घटना कर्ता असेल तर आन म्हणजे नुसतं ‘होत नाही’. मर्जीचा प्रश्न तेव्हाच येतो जेव्हा कर्ता माणूस आहे आणि ती क्रिया त्याच्या हातातली आहे.

शिफ्ट रिपोर्टचं उदाहरण घेऊ. दुपारच्या शिफ्टला मशीन बंद राहिलं. हे तीन प्रकारे लिहिता येतं.

‘किगेगा आन दोरागायो.’ मशीन फिरत नाही. कर्ता मशीन. कुणावर काही नाही, मेंटेनन्सला बोलवा.

‘किगेरुल आन दोल्ल्यॉस्सॉयो.’ मशीन फिरवलं नाही. कर्ता आम्ही, निर्णय आमचा. कदाचित ऑर्डर नव्हती, कदाचित माणसं दुसऱ्या लाइनला लावली.

‘किगेरुल मोत तोल्ल्यॉस्सॉयो.’ मशीन फिरवता आलं नाही. कर्ता आम्हीच, पण काहीतरी आडवं आलं. यापुढे किंवा आधी कारण हवंच, ‘पुपुमी ऑप्सॉसॉ’, पार्ट नव्हते म्हणून.

आता ज्याने पार्ट संपल्यामुळे लाइन थांबवली आणि रिपोर्टमध्ये दुसरं वाक्य लिहिलं, त्याला ‘कुणी ठरवलं?’ असा फोन येणारच. त्याचं व्याकरण शंभर टक्के बरोबर आहे, फक्त त्याने जबाबदारी स्वतःच्या अंगावर ओढून घेतली. आणि गंमत म्हणजे मराठीत त्याला हे बरोबर कळतं: ‘फिरत नाही’, ‘फिरवलं नाही’, ‘फिरवता आलं नाही’. तिन्ही वेगळी. मराठीत विचारलं की तो बरोबर तिसरं म्हणतो, कोरियनमध्ये लिहिताना दुसरं लिहितो. म्हणून मी सांगतो, रिपोर्ट लिहायच्या आधी हे तीन मराठीत म्हणा आणि कुठलं खरं आहे त्यावर बोट ठेवा.

हीच गोष्ट दाराची. ‘मुनी आन यॉल्ल्यॉयो’, दार उघडत नाहीये. ‘मुनुल मोन न्यॉरॉयो’, मला दार उघडता येत नाहीये. दोन्ही वेळा तुम्ही बाहेरच अडकलेले, पण पहिल्यात दार कर्ता, दुसऱ्यात तुम्ही.

मग येतं झोप आणि आठवण. इथे मोतवाले हमखास घसरतात. ‘मला झोप येत नाही’ यात असहायता आहे, म्हणून ते मोत लावतात. पण मराठी वाक्य नीट बघा, येत कोण नाही? झोप. कर्ता झोप आहे. कोरियनमध्ये पण तसंच, ‘चामी आन वायो’. आठवत नाही, सुचत नाही, ‘सेंगागी आन नायो’, विचार उगवत नाही. माणूस कर्ता केला की मोत: ‘चामुल मोत च्चास्सॉयो’, झोपता आलं नाही, रात्रभर जागाच होतो. आणि ‘चामुल आन जास्सॉयो’ म्हटलं तर मी झोपलो नाही, मॅच बघत बसलो होतो असा काहीसा अर्थ.

‘मला पोहता येत नाही’मध्ये पण मला आहे, मग ते आन का नाही असा प्रश्न येईल. कारण तिथे येत नाही ती वस्तू नाही, क्रिया आहे. ‘-ता येत नाही’ दिसलं की माणसाचं कौशल्य, म्हणजे मोत: ‘सुयॉंगुल मोथेयो’. झोप, विचार, आठवण असं नाम येत नसेल तर आन. एवढी खूण पुरते.

थोडी क्रियापदं अशी आहेत की त्यांना एकच बाजू चालते. काळजी करणे, पस्तावणे, अपयशी होणे यांना मोत लागत नाही, कारण ते करायची कुणाची धडपड नसते. उलट सोसणे, ‘क्यॉन्दीदा’, याला मोतच लागतं. यादी पाठ करायची गरज नाही, वाचता वाचता कानात बसते.

तपासणी ६: बोलताय बरोबर, ऐकताना हुकतंय का?

मोत लिहिताना शेवटी जे अक्षर असतं त्याचं नाव ‘शिओत’, एकटं असताना स सारखं, पण शब्दाच्या शेवटी त्याचा आवाज अर्धा ‘त्’ होतो आणि पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलतो. पुढे ग असेल तर तो कडक होतो: ‘मोत क्कायो’. पुढे म किंवा न असेल तर त चा न होतो: ‘मोन मॉगॉयो’. पुढे ह असेल तर दोघं मिळून थ: ‘मोथेयो’. ‘वायो’च्या आधी ‘मोद्वायो’. आणि ‘इ’, ‘य’ने सुरू होणाऱ्या क्रियापदाआधी एक जादाचा न पण येतो, उठता आलं नाही म्हणजे ‘मोन्निरॉनास्सॉयो’. हे लिहिण्यात कुठे दिसत नाही, लिखाणात सगळीकडे तेच मोत.

आन त्यामानाने गरीब, फक्त ‘आन हेयो’मधला ह जवळजवळ गिळला जातो आणि ‘आनेयो’ ऐकू येतं. पहिल्या तपासणीतलं ‘आनीएयो’ आणि हे ‘आनेयो’ घाईत एकसारखे वाटतात, तिथे संदर्भ बघा, आधी नाम असून त्याला ‘ई’ किंवा ‘गा’ लागलंय का.

यावर उपाय एकच, पाच-सहा रोजची वाक्यं मोठ्याने आन आणि मोत अशी जोडीने म्हणायची आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकायची. नियम पाठ करून कान तयार होत नाही.

तपासणी ७: जोडलेलं मोत की सुटं?

ही सगळ्यात किचकट, आणि हिच्यावर फार रात्री घालवू नका. ‘मोत हादा’ सुटं लिहिलं तर त्या वेळी करता आलं नाही. ‘मोथादा’ जोडून लिहिलं तर ते काम येतच नाही, त्यात कच्चा आहे. ‘नोरेरुल मोथेयो’ म्हणजे गाता येत नाही, गळाच नाही. आवाज दोन्हीचा सारखा, फरक फक्त लिहिताना. कोरियन लोक स्वतः सुद्धा यात चुकतात, त्यामुळे मेसेजमध्ये चुकलं तर कुणी फाशी देत नाही.

पण एका ठिकाणी सांभाळा. ‘चाल’ म्हणजे चांगलं. ‘हानगुगॉरुल चाल मोथेयो’, कोरियन नीट येत नाही, यात चालनंतर हलका थांबा घ्या. न थांबता एकच शब्द केला, ‘चालमोथेस्सॉयो’, तर तो वेगळाच शब्द आहे, ‘माझं चुकलं’. माफी मागताना हाच वापरतात. मीटिंगमध्ये ‘मला नीट जमलं नाही’ म्हणायला गेलात आणि हा निघाला तर दोष कबूल केल्यासारखं होतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वरचं सगळं करून रोजचं बोलणं सुरळीत होतं. पण काही ठिकाणी स्वतः दुरुस्ती करत बसू नका.

अॅलर्जी किंवा औषधाची गोष्ट असेल तर ‘आल्लेरुगीगा इस्सॉसॉ मोन मॉगॉयो’, अॅलर्जी आहे म्हणून चालत नाही, हे वाक्य कोरियन माणसाकडून हांगुलमध्ये लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा, उच्चारावर विसंबू नका. हॉस्पिटलमध्ये दुभाष्या मागा.

दुसरं, ‘सगळं’ आणि नकार एकाच वाक्यात आले की थांबा. ‘पुपुमी ता आन वास्सॉयो’ याचे दोन अर्थ निघतात: सगळे पार्ट आले नाहीत, काही आलेत, किंवा एकही आला नाही. आपलं ‘सगळे पार्ट आले नाहीत’ पण तसंच लटकतं. बोलताना लगेच विचारून घेता येतं, पण मेलमध्ये, डिलिव्हरीच्या कागदावर हे वाक्य ठेवू नका. एकही आला नाही म्हणायचं असेल तर ‘हानादो आन वास्सॉयो’, काही आले काही नाही म्हणायचं असेल तर ‘ता ओजिनुन आनास्सॉयो’, ते मधलं ‘नुन’ अर्थ पक्का करतं. आणि कागदावर सही होणार असेल, पैसे किंवा दंड अडकलेला असेल, तर हे पण स्वतः न लिहिता कंपनीच्या दुभाष्याकडून लिहून घ्या, आणि त्याला मराठीत किंवा हिंदीत आधी सांगा की किती पार्ट आले आणि किती राहिले.

करारात किंवा व्हिसाच्या कागदांत ‘-जी आनुल’ आणि ‘-जी मोथाल’ अशी रूपं दिसली की तिथे करणार नाही आणि करू शकणार नाही यावर कलम फिरतं. पैसे न भरणे आणि भरू न शकणे यांचे परिणाम वेगळे लिहिलेले असू शकतात. असा कागद माझ्याकडे आणला तरी मी वाचून दाखवतो, अर्थ लावत नाही. त्याला कायद्याच्या कागदांची सवय असलेला अनुवादकच लागतो.